कृतज्ञतेची वही: कशी लिहायची, आणि कधी बंद करायची

कृतज्ञतेची वही सुरू करणारे बरेच जण पहिल्याच दिवशी रोज रात्री दहा गोष्टी लिहायचं ठरवतात. तीन-चार दिवस ‘आई, बाबा, नोकरी, तब्येत, घर’ असं भराभर लिहून होतं. पाचव्या दिवशी तेच शब्द पुन्हा येतात, आणि पंधरवड्यात वही उशाजवळून कपाटात जाते. त्यानंतर माणूस स्वतःलाच बोल लावतो, की आपल्याला कशाची किंमतच नाही. खरं तर चुकलेली असते ती पद्धत. ही वही कशी लिहायची, किती लिहायची आणि ती कधी उलटते, यावर मानसशास्त्रात गेली वीसेक वर्षं बऱ्यापैकी काम झालं आहे. त्यातून सहा आठवड्यांची एक साधी रीत बसवता येते.

आधी वेळ ठरवा

शंभर पानी साधी वही पुरे. आठवड्यातला एक वार आणि पंधरा मिनिटं ठरवून टाका. नागपुरात मे महिन्यात दुपारी तीनला पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो. त्या वेळी वही उघडली तर उकाड्याशिवाय काही सुचणार नाही. रविवारी रात्रीची जेवणं आटोपल्यावर, गच्चीवर किंवा कूलरसमोर बसून लिहिलेलं बरं. मोबाईलवर लिहिलं तरी चालतं, पण लिहिता लिहिता व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज आला की पंधरा मिनिटांची चार होतात.

आठवड्यातून एकदाच का? सोन्या ल्युबोमिर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली मांडलेल्या एका प्रयोगात काही जणांनी सहा आठवडे, आठवड्यातून एकदा आपल्या आयुष्यातल्या चांगल्या गोष्टी मोजल्या. दुसऱ्या गटाने तेच आठवड्यातून तीनदा केलं. समाधान वाढलं ते एकदाच लिहिणाऱ्यांचं. तीनदा लिहिणाऱ्यांना तसा फायदा दिसला नाही. याचं कारण संशोधकांनी असं सुचवलं, की फार वेळा केलं की ते अंगवळणी पडतं, त्यातला ताजेपणा जातो आणि उरतं फक्त एक काम. रोज लिहून फायदा झाल्याचेही काही प्रयोग आहेत, पण ते बहुधा एक-दोन आठवड्यांचे. नव्याने सुरू करणाऱ्याने आठवड्याचीच वही धरावी, असं आमचं मत आहे.

लिहायला बसण्याआधी पानाच्या वरच्या कोपऱ्यात एक आकडा टाका: गेला आठवडा एकूण कसा गेला, शून्य ते दहा. त्याखाली झोप कशी लागली, तेही शून्य ते दहा. हे आकडे लिहिण्याआधीच टाकायचे. नंतर टाकले तर नुकतंच लिहिलेलं चांगलं त्यात मिसळतं आणि सहा आठवड्यांनी तुलना करायला काही खरं उरत नाही.

तीनच नोंदी

गेल्या सात दिवसांतल्या तीन गोष्टी घ्या. तीनच्या वर जाऊ नका. जास्त आठवल्या तर जास्त बरं वाटेल असा आपला हिशेब असतो, पण मन तसा हिशेब करत नाही. नॉर्बर्ट श्वार्त्स आणि सहकाऱ्यांचा 1991 सालचा एक प्रयोग इथे कामाचा आहे. त्यांनी लोकांना स्वतः ठामपणे वागल्याचे प्रसंग आठवायला सांगितले, काहींना सहा आणि काहींना बारा. बारा आठवणाऱ्यांनी स्वतःला कमी ठाम ठरवलं. शेवटचे चार-पाच प्रसंग आठवताना दमछाक झाली आणि त्या दमछाकीवरूनच त्यांनी निष्कर्ष काढला, की एवढं कठीण जातंय म्हणजे आपण तसे नसूच. तो प्रयोग कृतज्ञतेचा नव्हता, पण वहीत हेच घडतं. आठवी, नववी गोष्ट सुचेना, की मन म्हणतं, माझ्या आयुष्यात एवढंच आहे तर.

प्रत्येक नोंद चार-पाच वाक्यांची करा. त्यात कुणी काय केलं ते लिहा, आणि तसं करताना त्या माणसाचं काय गेलं तेही लिहा: वेळ, पैसा, झोप, कष्ट. मदत मुद्दाम केलेली आहे, देणाऱ्याला ती फुकटात पडलेली नाही आणि आपल्या खरंच कामी आली आहे, हे दिसलं की कृतज्ञता आपोआप येते. ‘शेजारी चांगले आहेत’ या वाक्यात यातलं काहीच दिसत नाही.

शेवटी एक वाक्य ‘हे झालं नसतं तर’ असं लिहा. मिंक्युंग कू आणि सहकाऱ्यांनी 2008 साली दाखवलं, की ‘माझी जोडीदाराशी भेट कशी झाली’ हे लिहिणाऱ्यांपेक्षा ‘आमची भेट कदाचित झालीच नसती ती कशी’ हे लिहिणाऱ्यांना आपल्या नात्याबद्दल जास्त समाधान वाटलं. रोजची गोष्ट डोळ्याआड झालेली असते. ती क्षणभर काढून घेतली की पुन्हा दिसते.

एक पान, आधी आणि नंतर

नागपुरातल्या मानेवाड्यात भाड्याच्या घरात राहणारी, खासगी शाळेत शिकवणारी एक बाई डोळ्यांसमोर आणा. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, महिना मेचा, शाळेला सुट्टी, म्हणजे घरचं सगळं तिच्याकडे. तिने पहिल्या रविवारी असं लिहिलं:

“देवाने सगळं दिलंय. नवरा चांगला आहे. शेजारी मदत करतात. डोक्यावर छप्पर आहे. आपण सुखी आहोत.”

हे लिहून तिला काहीच वाटलं नाही, आणि वाटणारही नव्हतं. पाचही वाक्यं कुणाच्याही वहीत शोभतील अशी आहेत. यातल्या ‘शेजारी मदत करतात’ या एकाच वाक्याला धरून ती विचारू लागते: कधी, कोण, काय केलं? तेव्हा पान असं होतं:

“मंगळवारी दुपारी कूलरचा पंप बंद पडला. सासूबाईंना पलंगावरून हलता येत नव्हतं. समोरच्या काकूंचा मुलगा त्यांच्याकडे पडलेला जुना पंप घेऊन आला. त्या उकाड्यात दीड तास कूलरच्या टाकीत हात घालून बसला होता. वायर दोनदा काढून जोडली. पाणी वर चढून वाळ्याच्या ताटीवर झिरपायला लागलं तेव्हा आमच्याआधी तोच हसला. तो घरी नसता, तर सासूबाईंना त्या उन्हात जिना उतरवून नणंदेकडे न्यावं लागलं असतं.”

आता या नोंदीत एक माणूस आहे, त्याचे कष्ट आहेत, आणि ते नसते तर काय झालं असतं तेही आहे. पुढच्या वेळी तो मुलगा जिन्यात भेटला तर तिला हे सगळं आठवेल. नोंदीचं काम तेवढंच.

दुसरी नोंद तिला जड जाते. ‘नवरा चांगला आहे’ हे वाक्य उलगडायला घेतलं की आठवतं, गुरुवारी त्याने सुट्टी काढून सासूबाईंना आंघोळ घातली, फिजिओथेरपीला नेलं. तिला खरंच बरं वाटलं होतं. त्याच वेळी हेही आठवतं, की बाकीचे सहा दिवस हेच काम ती करते, आणि त्या एका गुरुवारवरून शेजारच्या बाई म्हणाल्या, “नशीबवान आहेस बाप्पा, असा नवरा कुठं भेटून राहिला आता!” इथे नवखे लोक राग गिळून फक्त गोड अर्धं लिहितात, आणि वही खोटी व्हायला सुरुवात होते.

त्यावर उपाय साधा आहे. वही उलटी करून मागच्या पानापासून दुसरा रकाना सुरू करा आणि तक्रार तिथे लिहा, तितक्याच तपशिलाने: “गुरुवार सोडून सहा दिवस मी एकटी. त्याबद्दल कुणी शब्द काढत नाही. रविवारी सकाळचं काम त्याने घ्यावं, हे त्याला सांगायचंय.” पुढच्या बाजूची नोंद मात्र खोडू नका. गुरुवारचा दिवस खरा होता आणि सहा दिवसांचा शीणही खरा आहे. एकाने दुसऱ्याचा हिशेब मिटत नाही. मागच्या पानावरची तक्रार कुणाला काय सांगायचं, इथपर्यंत आली की थांबायचं. त्यापुढे तीच तक्रार पुन्हा पुन्हा उगाळण्यात काही हाती लागत नाही.

तिसऱ्या नोंदीत माणूस नसला तरी चालतो. पहाटे पाचला आलेली गार झुळूक, फुटाळा तलावावरची एक संध्याकाळ, आठवडाभर बिघडलेली लिफ्ट सुरू होणं, काहीही. पण तिन्ही नोंदी अशाच होऊ देऊ नका. माणसांबद्दलच्या नोंदीचा फायदा वहीबाहेरही होतो, कारण पुढच्या भेटीत आपण त्या माणसाशी वेगळं बोलतो.

चौथ्या आठवड्याच्या आसपास नोंदी सारख्या वाटू लागतील. तेव्हा वही सोडायची नाही, नजर दुसरीकडे न्यायची. घरच्या माणसांऐवजी ज्यांची नावंही माहीत नाहीत अशांकडे बघा: पहाटे घंटागाडी घेऊन येणारे, मेडिकलच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाच्या, वॉर्डात रात्रपाळी करणारी नर्स, शाळेतली एखादी जुनी बाई.

किती फायदा धरायचा

रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅककलो यांचा 2003 सालचा प्रयोग या विषयात सगळ्यात जास्त सांगितला जातो. त्यात विद्यार्थ्यांनी दहा आठवडे, आठवड्यातून एकदा पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या. कृतज्ञतेचं लिहिणाऱ्यांना आपल्या आयुष्याबद्दल जास्त बरं वाटलं, व्यायामही त्यांच्याकडून जास्त झाला. पण व्यायामातला फरक आठवड्यातल्या कटकटी लिहिणाऱ्या गटाशी तुलना केल्यावरचा होता, हे सांगताना बहुतेक वेळा गाळलं जातं. आठवडाभर फक्त कटकटी लिहिणारा माणूस थोडा खालीच जाणार. नुसत्या साध्या घटना लिहिणाऱ्यांशी तुलना केली की फायदा लहान होतो. लहान म्हणजे शून्य नव्हे, पण ‘आयुष्य पालटेल’ असंही नव्हे.

औदासीन्य आणि चिंता यांच्याबाबतीत तर आणखी जपून. डेव्हिड क्रेग आणि जेनिफर चीव्हन्स यांनी 2021 साली 27 अभ्यास एकत्र तपासले. कृतज्ञतेच्या सरावाने औदासीन्याची आणि चिंतेची लक्षणं कमी झाली, पण फारच थोडी. या लक्षणांसाठी इतर उपाय आधी बघावेत, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं. म्हणून दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज मन खचलेलं राहत असेल, झोप किंवा भूक गेली असेल, कामात लक्ष लागत नसेल, तर वहीवर विसंबू नका. मेडिकलच्या मानसोपचार विभागात दाखवता येतं, आणि 14416 या टेली-मानसच्या मोफत क्रमांकावर कोणत्याही वेळी मराठीत बोलता येतं. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबायचंही कारण नाही, त्याच दिवशी फोन करा.

मिंधेपणा ओळखा

आपल्याकडे ही वही उलटण्याचं सगळ्यात मोठं कारण आपल्या भाषेतच दिसतं. उपकार ‘फेडायचे’ असतात, आईवडिलांचे ‘पांग फेडायचे’ असतात, ऋणातून ‘उतराई’ व्हायचं असतं. कृतज्ञता आणि कर्ज शेजारी शेजारी नांदतात, आणि एकीतून दुसऱ्यात माणूस कधी शिरला हे त्याला कळत नाही. दुसऱ्यात शिरलेल्यासाठी मराठीत नेमका शब्द आहे: मिंधा.

फिलिप वॉटकिन्स आणि सहकाऱ्यांनी 2006 साली हेच तपासलं. मदतीचा एकच प्रसंग त्यांनी लोकांपुढे वेगवेगळ्या तऱ्हेने ठेवला, आणि मदत करणाऱ्याला परतफेडीची किती अपेक्षा आहे तेवढंच बदललं. अपेक्षा जसजशी वाढली तसतसा मिंधेपणा वाढला आणि कृतज्ञता घटली. पुढे 2017 साली ल्युडमिला टिटोवा आणि सहकाऱ्यांनी गोऱ्या अमेरिकनांची आणि भारतीयांची तुलना केली. कृतज्ञतेच्या सरावाने भारतीयांना बरंही वाटलं, पण त्याबरोबर अपराधी आणि उदासही वाटलं. हा सराव परदेशातून जसाच्या तसा उचलणाऱ्याने हे ध्यानात ठेवायलाच हवं.

ओळखायचं कसं? नोंद लिहून झाली की पहिला विचार काय येतो ते बघा. ‘त्याला भेटावं’, ‘आपणही कुणासाठी असं करावं’ असं वाटलं तर नोंद ठीक आहे. ‘हे मी कधी फेडणार’, ‘माझ्यावर उगाच खर्च केला’ असं येऊन छातीवर दडपण आलं तर तो मिंधेपणा आहे. स्पर्धा परीक्षेची तयारी करायला गावाहून नागपुरात आलेल्या, खोलीवर राहणाऱ्या पोरांना हे फार होतं. बापाने कापूस विकून पाठवलेल्या पैशांची नोंद लिहिली, की पान संपेपर्यंत ती नापास होण्याच्या भीतीची नोंद झालेली असते. “काहून लिहून राहिलो मी हे?” असा प्रश्न त्या वेळी पडला तर तो रास्त आहे.

अशा वेळी आईवडिलांना सध्या वहीतून बाजूला ठेवा. मेसमध्ये उशिरा आल्यावर गरम पोळी काढून देणाऱ्या काकू, नोट्सची झेरॉक्स देणारा मित्र, अशा लहान आणि ज्यांचा हिशेब कुणी ठेवत नाही अशा मदतीपासून सुरू करा. दोन-तीन आठवड्यांनी घरच्यांकडे वळायचं असेल तर पैशांऐवजी एखादा क्षण घ्या. ‘बाबांनी चाळीस हजार दिले’ यापेक्षा ‘बाबा एसटीच्या खिडकीपाशी गाडी हलेपर्यंत उभे होते’ ही नोंद कमी ओझ्याची असते.

जबरदस्ती झाली की

नुकतं कुणी गेलंय, नोकरी सुटली, लग्न मोडलं, आणि भेटायला आलेला माणूस म्हणतो, “दुसऱ्यांपेक्षा तुझं कितीतरी बरं आहे, देवाचे आभार मान.” बोलणाऱ्याचा हेतू बहुधा वाईट नसतो, पण ऐकणाऱ्याला कळतं ते एवढंच, की आपलं दुःख इथे चालणार नाही. तो गप्प होतो आणि वर आपल्याला कृतज्ञ वाटत नाही याची लाज जोडली जाते. दुःख ताजं असताना ही वही सुरू करू नका, कुणाला भेटही देऊ नका. आधीपासून चालू असेल तर काही आठवडे मिटून ठेवा.

कामाच्या जागी जबरदस्ती वेगळी दिसते. तीन महिने पगार थकलाय आणि सोमवारच्या मीटिंगमध्ये प्रत्येकाने कंपनीबद्दल आभाराच्या दोन गोष्टी सांगायच्या. इंना क्सेनोफोंतोव आणि युलिया बेकर यांनी 2020 साली प्रयोगांतून दाखवलं, की वरच्या गटाच्या मदतीबद्दल आभार मानल्यावर खालच्या गटातल्या लोकांची अन्यायाविरुद्ध उभं राहायची तयारी घटते. म्हणून इथे एक खूण ध्यानात ठेवा: ‘नाही’ म्हणायची मोकळीक आहे का, आणि आभार मानल्याने कुणाची अडचण टळते? मोकळीक नसेल तर तो सराव नाही. तिथे बोलावं लागलंच तर सोबत काम करणाऱ्या एखाद्या माणसाच्या नेमक्या मदतीबद्दल बोला. वहीत मात्र पगाराची गोष्ट मागच्या पानावर जाऊ द्या, तारखेसह.

घरात मारहाण किंवा छळ होत असेल, तर त्या माणसाच्या चांगल्या बाजू शोधून लिहिणं हे थेट नुकसानीचं आहे. ‘पण बाकी तो चांगला आहे’ हे वाक्य माणसाला तिथेच अडकवून ठेवतं. वही बंद करा. महिलांसाठी 181 हा मदतीचा क्रमांक आहे.

मुलांच्या बाबतीत थोडक्यात सांगायचं तर ‘थँक्यू म्हण’ म्हणून खांद्याला ढोसू नका. रात्री जेवताना “आज तुला कुणी मदत केली?” एवढं विचारा. उत्तर “कुणीच नाही” आलं तर तेही चालू द्या.

सहा आठवड्यांनी

सहाव्या रविवारी कोपऱ्यातले बारा आकडे बघा. पहिल्या दोन आठवड्यांची सरासरी काढा, शेवटच्या दोन आठवड्यांची काढा. एखाद्या अंकाने वर गेले असतील आणि वहीचा कंटाळा नसेल, तर चालू ठेवा. तसेच राहिले असतील तर बंद करा, त्यात तुमचं काही चुकलेलं नाही. खाली आले असतील तर मागची पानं वाचा. बहुतेक वेळा मिंधेपणा किंवा गिळलेला राग तिथे सापडतो.

वहीतली एखादी नोंद त्या माणसापर्यंत पोचवावीशी वाटली तर पत्र लिहा. पाठवलंच पाहिजे असं नाही. जोएल वाँग आणि सहकाऱ्यांच्या 2018 सालच्या अभ्यासात समुपदेशन घेणाऱ्यांनी अशी पत्रं लिहिली. बहुतेकांनी ती पाठवलीच नाहीत, आणि न पाठवणाऱ्यांनाही फायदा झाला. पाठवायचं असेल किंवा तोंडी सांगायचं असेल तर ‘धन्यवाद’, ‘आभारी आहे’ हे शब्द घरच्या आणि शेजारच्या माणसांना परके वाटतात, समोरचा ओशाळतो. त्याऐवजी नोंदीतला तपशीलच सांगा. मानेवाड्यातल्या त्या बाईंनी समोरच्या मुलाला जिन्यात गाठून एवढंच म्हणायचं: “तू त्या दिवशी पंप बसवून गेलास ना, सासूबाई संध्याकाळी सहापर्यंत झोपल्या होत्या. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच.”